जर्नल क्लबच्या आधी विद्यार्थ्यांना पत्र कसं लिहावं: गडचिरोलीच्या एका शोधनिबंधाच्या आधाराने

जर्नल क्लब म्हणजे एक शोधनिबंध सगळ्यांनी आधी वाचायचा आणि मग एकत्र बसून त्याची चिरफाड करायची. प्रत्यक्षात बरेचदा असं होतं की एक जण स्लाइड दाखवतो, बाकीचे ऐकतात आणि शेवटी कुणीतरी म्हणतं, "सॅम्पल साइझ लहान होता, अजून अभ्यास व्हायला हवेत." हे वाक्य कुठल्याही निबंधाला चालतं. ते ऐकू आलं की समजावं, निबंध कुणी वाचलेला नाही. यावर उपाय करायचा तर बैठकीच्या आधीच्या आठवड्यात करावा लागतो. त्यासाठी विद्यार्थ्यांना एक छोटं पत्र पाठवायचं आणि त्यात तीनचार नेमके प्रश्न द्यायचे.

मी विदर्भाच्या ग्रामीण भागात एमबीबीएसच्या मुलामुलींना कम्युनिटी मेडिसिन शिकवतो. पत्र कसं तयार होतं ते एका निबंधावरून दाखवतो. डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा हा निबंध १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. गडचिरोली जिल्ह्यात ३९ गावांमध्ये आरोग्यदूतांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं गेलं. जंतुसंसर्ग, म्हणजे सेप्सिस, ओळखून त्यावर उपचार करायलाही त्या शिकल्या. दुसरीकडे ४७ गावं तुलनेसाठी ठेवली होती. १९९३ ते ९५ अशी दोन वर्षं नुसती मोजणी झाली आणि १९९५ ते ९८ या काळात काम झालं. आमच्या मुलांना ही गावं, दाई, बाळंतिणीची खोली हे सगळं ओळखीचं असतं. म्हणून निबंध जवळचा वाटतो आणि त्याच कारणाने तो डोळे झाकून मान्यही केला जातो. प्रश्न नेमके हवेत ते इथेच.

पहिली पायरी तुमची स्वतःची. निबंध हातात पेन्सिल घेऊन वाचा आणि जिथे तुम्हाला थांबून आकडेमोड करावी लागली तिथे खूण करा. प्रश्न या खुणांमधूनच निघतात. "लेखकांचा उद्देश काय होता?" असले प्रश्न काढू नका. त्यांची उत्तरं सारांशात आयती मिळतात आणि एकाची वही वर्गभर फिरते. माझी कसोटी साधी आहे: नुसता सारांश वाचून पुरतं उत्तर देता आलं, तर तो प्रश्न पत्रात जात नाही.

या निबंधातली माझी पहिली खूण मुख्य निकालावरच पडते. काम सुरू होण्याआधी त्या ३९ गावांत दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ नवजात बाळं दगावत होती. तिसऱ्या वर्षी हा दर २५.५ झाला. कॅल्क्युलेटरवर करून पाहा, घट सुमारे ५९ टक्के येते. निबंध मात्र ६२.२ टक्के म्हणतो. मग वरचे तीन टक्के आले कुठून? निबंधात 'निव्वळ' घट दिली आहे, म्हणजे तुलनेच्या गावांत त्याच काळात काय झालं ते हिशेबात धरलं आहे. तिथला दर ५८ होता, तो उतरण्याऐवजी तीनेक टक्क्यांनी वाढला. ती वाढ या घटीत मिळवली की ६२.२ येतात. हे कळायला विद्यार्थ्याला तुलनेच्या गावांचा तक्ता उघडावाच लागतो. त्यातून त्याला हेही दिसतं की ती ४७ गावं नसती तर निकालाला फारसा अर्थ उरला नसता. समजा, तिथेही दर ५८ वरून ४५ वर आला असता, तर निव्वळ घट जेमतेम ३६-३७ टक्के भरली असती. एवढ्या एका प्रश्नात 'कंट्रोल' कशासाठी असतो हे जितकं समजतं, तितकं व्याख्येने समजत नाही.

दुसरी खूण सेप्सिसच्या आकड्यांवर. उपचार सुरू होण्याआधी १६३ आजारी बाळांपैकी १६.६ टक्के दगावली. आरोग्यदूतांनी उपचार केलेल्या ७१ बाळांपैकी २.८ टक्के दगावली. इथे टक्क्यांची बाळं करायला सांगायचं. १६३ पैकी २७ आणि ७१ पैकी २. मग विचारायचं, त्या ७१ मध्ये आणखी एकच बाळ गेलं असतं तर? आकडा २.८ वरून ४.२ वर गेला असता. फरक तरीही मोठाच राहतो, पण २.८ या आकड्याला किती घट्ट धरायचं ते मुलं स्वतः ठरवू लागतात. याच प्रश्नाला एक जोडप्रश्न द्यावा: ही तुलना दुसऱ्या गावांशी आहे की त्याच गावांच्या आधीच्या काळाशी? ती आधीच्या काळाशी आहे. मधल्या काळात आरोग्यदूत बाळाला ऊब देणं, अंगावर पाजायला मदत करणं, जन्मतः न रडलेल्या बाळाला श्वास देणं हेही करत होत्या. शिवाय सेप्सिसचं निदान लक्षणांवरून होत होतं. सौम्य आजाराची बाळं त्यात जास्त आली, तरी मृत्यूचं प्रमाण कमी दिसू शकतं. सगळं श्रेय इंजेक्शनला द्यायचं का, हा वाद बैठकीत चांगला रंगतो.

तिसरी खूण आकड्यांची नाही, आणि मला ती सगळ्यात मोलाची वाटते. जन्म-मृत्यूची नोंद आरोग्यदूतांनी केली नाही, ते काम वेगळ्या माणसांकडे होतं. का, ते उघड आहे: ज्याच्या कामाची परीक्षा, त्याच्याच हाती गुणपत्रिका देता येत नाही. पण आपल्या भागातल्या मुलामुलींना यापुढचा प्रश्न विचारता येतो. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. सासर ३९ गावांतलं, माहेर भलत्याच तालुक्यातलं. मग ते बाळ कुठल्या यादीत धरायचं? ते तिथे दगावलं तर कुणाला कळणार? उत्तर पद्धतीच्या भागात शोधायला सांगायचं आणि सापडलं नाही तर तसंच लिहायला सांगायचं. 'सापडलं नाही' हेही पूर्ण उत्तर आहे, हे पत्रात स्पष्ट लिहावं. नाहीतर मुलं मनाने काहीतरी रचून लिहितात.

प्रश्नांचा क्रमही बघावा. आधी आकडेमोड, मग तुलना, मग मोजणी आणि शेवटी मताचा प्रश्न. मत आधी विचारलं की सगळे "अभ्यास उत्तम आहे" असं लिहून मोकळे होतात.

आता प्रत्यक्ष पत्र. ते एका पानात बसावं, कारण दुसरं पान कुणी उलटत नाही. मी असं लिहितो:

"प्रिय विद्यार्थिमित्रहो,

पुढच्या शनिवारी दुपारी तीन वाजता आपण गडचिरोलीतल्या घरपोच नवजात बालसेवेवरचा १९९९ चा निबंध वाचणार आहोत. झेरॉक्स विभागात ठेवली आहे. पीएचसीवर पोस्टिंगला असलेल्यांची प्रत तिथल्या एमओंकडे पोहोचेल. मोबाइलवर वाचणार असाल तरी तक्ते कागदावरच बघा.

आधी पद्धतीचा भाग वाचा, मग तक्ते. लेखकांची चर्चा शेवटी वाचा, खालची उत्तरं लिहून झाल्यावर.

१. ६२ वरून २५.५ ही घट किती टक्के? निबंधातला आकडा वेगळा का आहे? कुठल्या तक्त्यावरून कळलं?

२. सेप्सिसने उपचाराआधी आणि उपचारानंतर प्रत्यक्ष किती बाळं दगावली? तुलना कुणाशी आहे? त्या काळात आणखी काय बदललं?

३. सून बाळंतपणाला माहेरी गेली तर तिच्या बाळाची नोंद कशी झाली असेल? निबंधात सापडलं तर पान लिहा, नाही तर 'सापडलं नाही' लिहा.

४. त्या वेळी तिकडे बहुतेक बाळंतपणं घरीच होत. तुमच्या पोस्टिंगच्या गावात आज यातलं कुठलं काम आशाताईंच्या हाती आहे आणि कुठलं नाही? ताईंनाच विचारा, अंदाजाने लिहू नका.

प्रत्येक उत्तर चार ओळींच्या आत. पान किंवा तक्ता क्रमांक हवाच. गुरुवारी संध्याकाळपर्यंत माझ्याकडे द्या. उत्तर चुकलं तर गुण जाणार नाहीत. पान क्रमांक नसेल तर मात्र मी उत्तर परत पाठवीन.

सस्नेह,
तुमचे सर"

यातल्या काही गोष्टी मी मुद्दाम ठेवतो. 'चर्चा शेवटी वाचा' ही सूचना काढू नका. लेखकांचं मत आधी वाचलं की तक्त्यातही तेच दिसू लागतं. कागदाचा आग्रह अशासाठी की दोन स्तंभांत छापलेला निबंध मोबाइलवर उघडला की तक्त्याची उजवी बाजू पडद्याबाहेर जाते, आणि या निबंधात तुलनेच्या गावांचे आकडे नजरेआड जाऊन चालणारच नाही. सगळा निबंध छापणं परवडत नसेल तर निदान तक्त्यांची पानं छापा. चौथ्या प्रश्नासाठी मुलांना आशाताईंना गाठावं लागतं. देशभर आशांमार्फत घरपोच नवजात बालसेवा २०११ पासून सुरू झाली. त्यामुळे निबंधात काय होतं आणि गावात काय उतरलं, यातला फरक त्यांना समोरासमोर बघायला मिळतो. एका मुलीने लिहून आणलं होतं, "ताई म्हणे, वजनकाटा हाये, थर्मामीटर हाये, पण इंजेक्शन आमी देत नाई." त्या एका ओळीवर आमची अर्धी बैठक झाली, कारण निबंधातल्या ज्या भागावर सगळ्यात जास्त वाद होता, नेमका तोच भाग तिच्या गावात नव्हता.

पत्र पाच ते सात दिवस आधी द्यावं. त्याहून आधी दिलं तर विसरलं जातं, दोन दिवस आधी दिलं तर सारांशावरच भागवलं जातं. प्रश्न चारच्या वर नेऊ नका. एकदा आठदहा झाले की मुलं आपसांत वाटून घेतात आणि प्रत्येकाने निबंधाचा एकच तुकडा वाचलेला असतो. हे ओळखणं सोपं असतं: पहिलं उत्तर नेमकं आणि चौथं मोघम, किंवा दोघांच्या उत्तरात एकच चूक त्याच शब्दांत.

गुरुवारी उत्तरं आली की ती तपासत बसू नका, त्यांचे गठ्ठे करा. पहिल्या प्रश्नात कुणी ५९ वर थांबलेले असतात, कुणी ६२.२ नुसतं उतरवलेलं असतं आणि मोजक्यांना फरक सापडलेला असतो. बैठक सापडलेल्यांपासून सुरू केली तर बाकीचे गप्प बसतात. म्हणून ५९ वाल्यांपैकी एकाला आधी फळ्यावर आकडेमोड करू द्यावी, मग ६२.२ वाल्याला विचारावं की तुझा आकडा कुठून आला. तिसऱ्या गटाला शेवटी उभं करावं, तक्ता हातात घेऊन. तिसऱ्या प्रश्नावर कुणी पान क्रमांकासह उत्तर दिलं असेल तर तेवढं पान सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून घ्या. सगळ्यांनीच 'सापडलं नाही' लिहिलं असेल, तर लेखकांना विचारायचा प्रश्न त्याच बैठकीत मुलांकडून लिहून घ्या.