जुन्या फ्लॅटच्या व्हिडिओचे शीर्षक आणि वर्णन कसे लिहावे

फ्लॅट विकण्यासाठी यूट्यूबवर टाकायच्या व्हिडिओचे चित्रीकरण झाले आहे असे धरून चालतो. उदाहरण पुण्यातल्या कोथरूडमधील पुनर्विक्रीच्या दोन बीएचके फ्लॅटचे घेऊ.

सर्वाधिक गोंधळ क्षेत्रफळात होतो. जुन्या करारनाम्यात बहुधा ‘सेलेबल’ किंवा ‘बिल्टअप’ आकडा, म्हणजे भिंती, बाल्कनी किंवा सामाईक जागेचा वाटाही धरलेला आकडा असतो आणि मालक तोच सांगतात. तो जसाच्या तसा शीर्षकात टाकू नका. २०१६च्या रेरा या स्थावर मालमत्ता कायद्यात कार्पेट, म्हणजे घरातल्या प्रत्यक्ष वापराच्या क्षेत्राची व्याख्या स्पष्ट आहे: बाहेरच्या भिंती, शाफ्ट, बाल्कनी आणि खुली गच्ची वगळायची, आतल्या विभाजक भिंती मात्र धरायच्या. टेप घेऊन प्रत्येक खोली भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजा, आतल्या भिंतींची जाडी मिळवा आणि बाल्कनी स्वतंत्र लिहा.

समजा, करारनाम्यात ८१० चौरस फूट सेलेबल आहे, मोजणीत कार्पेट ५९० भरले आणि किंमत ९० लाख आहे. ८१०ने भागल्यास चौरस फुटाचा दर सुमारे ११,१०० रुपये दिसतो, ५९०ने भागल्यास सुमारे १५,२५० रुपये. पहिला दर वाचून आलेला ग्राहक खोली पाहताच मागे फिरतो, म्हणून नुसते ‘८१० फूट’ लिहिण्याचा सल्ला मला मुळीच मान्य नाही. शीर्षकात कार्पेटच द्यावे. करारनाम्यातील आकडा त्याच्या नावानिशी वर्णनात द्यावा, कारण कागदपत्रे तपासताना तो समोर येणारच आहे.

शीर्षक असे होईल: ‘कोथरूड, पुणे । २ बीएचके पुनर्विक्री । ५९० चौ. फूट कार्पेट । ९० लाख’. यूट्यूब शीर्षकाला १०० अक्षरांची मर्यादा ठेवते. ‘आलिशान’ आणि ‘स्वप्नातले घर’ यांवर ती खर्च करू नका.

परिसराबद्दल सोसायटी आहे की स्वतंत्र इमारत, गल्ली की मुख्य रस्ता, एवढे लिहा. बावधनच्या घराला ‘कोथरूडलगत’ म्हणू नये.

‘८५ ते ९५ लाख’ असे लिहिल्यास ग्राहक ८५ धरतो आणि मालक ९५. त्यापेक्षा ‘अपेक्षित ९० लाख, बोलणीस थोडा वाव, मुद्रांक शुल्क, नोंदणी शुल्क आणि सोसायटीचे हस्तांतर शुल्क वेगळे’ असे लिहावे.

दोष वर्णनाच्या पहिल्या काही ओळींतच यावेत, कारण पुढचा मजकूर उघडून वाचणारे थोडे असतात: ‘तिसरा मजला, लिफ्ट नाही. बाथरूमलगतच्या भिंतीला ओल असून ती पावसाळ्यात वाढते. चारचाकीसाठी राखीव जागा नाही.’ ‘किरकोळ दुरुस्ती आवश्यक’ या शब्दांतून ओल आहे की फरशी फुटली आहे, हे कळत नाही. व्हिडिओचे भाग पाडताना त्या भिंतीला स्वतंत्र वेळखूण द्या. पहिली खूण 0:00 असावी, किमान तीन खुणा असाव्यात आणि प्रत्येक भाग निदान १० सेकंदांचा असावा, नाहीतर यूट्यूब भाग दाखवत नाही:

```
0:00 प्रवेश आणि हॉल
1:20 स्वयंपाकघर
2:05 शयनगृहे
3:30 ओल असलेली भिंत
```