जनगणनेची सभा घेताय? या चुका टाळा

पुणे जिल्ह्यात जनगणनेआधी गावोगाव सभा होतात. ग्रामसेवक बोलतात, शाळेतले गुरुजी बोलतात, एखादा हौशी तरुण बोलतो. बहुतेक सभांमध्ये पहिली दहा मिनिटं राष्ट्रकार्यावर जातात आणि शेवटी ‘सर्वांनी सहकार्य करावे’ असं म्हणून नारळ फुटतो. लोक घरी जातात ते इतकंच घेऊन, की कुणीतरी येणार आहे आणि काहीतरी विचारणार आहे. या सभेचं खरं काम फार छोटं असतं. प्रश्नातल्या चार-पाच शब्दांचा जनगणनेतला अर्थ लोकांच्या डोक्यात बसला पाहिजे. तो बसला नाही तर प्रामाणिक माणूसही चुकीचं उत्तर देतो.

रेशनकार्डावरून कुटुंब समजावणं

ही चूक सगळ्यात जास्त होते आणि सगळ्यात जास्त नुकसान करते. शिरूरकडच्या एका गावात वक्त्याने सोपं पडावं म्हणून सांगून टाकलं, “रेशनकार्ड काढून ठेवा, त्यावरची नावं सांगा, झालं काम.” दुसऱ्या दिवशी सकाळी लोक सेतू केंद्रात नावं वाढवायला उभे. कुणाला सुनेचं नाव चढवायचं होतं, कुणाला नातवाचं. दुपारपर्यंत गावात बातमी पसरली की ज्याचं नाव कार्डावर नाही त्याचं धान्य बंद होणार. जनगणनेचा माणूस गावात यायचा होता अजून, तोवर अर्धं गाव त्याच्यावर खार खाऊन बसलं होतं.

जनगणनेत कुटुंब चुलीवरून ठरतं. जे एरवी एकत्र राहतात आणि एकाच स्वयंपाकातलं जेवतात ते एक कुटुंब. कार्डं दोन असली आणि चूल एक असली तर कुटुंब एक. एकाच वाड्यात दोन भावांचे दोन गॅस वेगळे असले तर कुटुंबं दोन, मग कार्ड एकच का असेना. सातबारा, घरपट्टी, कार्ड यांचा इथे संबंध नाही.

सभेत व्याख्या वाचून दाखवू नका, एक घर फोडून दाखवा. समजा, एका घरात दोन कार्डं आहेत. पहिल्यावर आजोबा, आजी, थोरला मुलगा, थोरली सून, नातू, नात आणि आजोबांची वारलेली बहीण, जिचं नाव कुणी कमीच केलं नाही. दुसऱ्या कार्डावर धाकटा आणि धाकटी सून. एकूण नावं नऊ. आता चुलीवरून मोजा. वारलेली आत्या गेली. धाकटा चाकणला कंपनीत आहे, तिथे मित्रांबरोबर खोली करून राहतो, रविवारी येतो; तो चाकणला मोजला जाईल. नात पुण्यात वसतिगृहात राहून शिकते, तिची मोजणी वसतिगृहात. उरले सहा. धाकट्या सुनेचं कार्ड वेगळं असलं तरी ती याच चुलीवर जेवते, म्हणून ती या सहांत आहे. आणि सासरी दिलेली लेक बाळंतपणाला माहेरी आली आहे, मोजणीचे सगळे दिवस ती इथेच राहणार आहे. मग ती आणि तिचं बाळ इथे मोजले जातील. ती मोजणी संपायच्या आत सासरी परतणार असेल तर मात्र सासरी. झाले आठ. कार्डावर नऊ, खरे आठ, आकडा जवळजवळ तोच. पण तीन माणसं चुकीची आत आणि दोन बाहेर.

या उदाहरणावर कुणीतरी हमखास म्हणतं, “पोरगा चाकणला गेला म्हणून काय आमचा नाही का?” त्याला उडवून लावू नका, त्याचा प्रश्न वारसाहक्काचा आहे. जनगणनेतून नाव गेलं म्हणून जमिनीतला हिस्सा जात नाही, मतदार यादीतून नाव जात नाही, रेशनही जात नाही, हे त्याच सभेत मोठ्याने सांगा. पोरगा दोन्हीकडे सांगितला तर एक माणूस दोनदा मोजला जातो. दोन्हीकडे सांगायचा राहिला तर चाकणला पाणी आणि रस्ते कमी माणसांच्या हिशोबाने होतात. आणि गावाचा आकडा नुसता कागदावर राहत नाही. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीत सदस्य सात ते सतरा असतात, ते किती हे लोकसंख्येवरून ठरतं. अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागाही त्याच आकड्यावरून.

दाराशी माणूस आला की घरातल्यांनी मोजताना झोपायच्या जागेवरून मोजू नये, रात्रीच्या भाकरीवरून मोजावं. हा नियम बायकांना लगेच पटतो, कारण पीठ किती मळायचं हे त्यांनाच ठाऊक असतं. तान्ह्या बाळाला मात्र भाकरी लागत नाही, म्हणून त्याची आठवण वेगळी करून द्यावी लागते. नाव ठेवलेलं नसलं तरी बाळ मोजायचं. लोकसंख्येच्या मोजणीचा क्षण म्हणजे २८ फेब्रुवारी संपून १ मार्च २०२७ सुरू होतो ती मध्यरात्र. त्याआधी जन्मलेलं बाळ आत, नंतरचं बाहेर. मुली इथे फार गळतात. २०११ मध्ये महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८९४ मुली मोजल्या गेल्या. गळालेल्या किती आणि जन्मालाच न आलेल्या किती हे वेगळं काढायचं तर मोजणी तरी पक्की हवी.

“बाई काय करते?” असं विचारून मोकळं होणं

दुसरी मोठी चूक कामाच्या प्रश्नाची, आणि हिचा राग येतो. सभेत वक्ता म्हणतो, “काम विचारतील, नोकरी-धंदा असेल तो सांगा.” मग घरी पुरुष उत्तर देतो, “ती काही करत नाही, घरीच असते.” हे बोलताना मागे ती बाई म्हशीची धार काढत असते.

२०११ च्या सूचनांप्रमाणे काम म्हणजे नुसती पगाराची नोकरी नाही. घरच्या शेतात मजुरी न घेता राबणं हे काम आहे. अर्धवेळ केलेलंही काम आहे. दूध डेअरीला न घालता घरीच वापरलं तरी म्हैस सांभाळणं काम धरलं जातं. स्वयंपाक, धुणंभांडी, मुलं सांभाळणं त्यात येत नाही. ही रेषा कुणाला पटो न पटो, उत्तर मात्र तिच्या आतच द्यायचं आहे.

पुढचा हिशोब महिन्यांचा. गेल्या वर्षात सहा महिने किंवा जास्त काम केलं तर मुख्य काम करणारी, त्याहून कमी तर सीमांतिक. मुळशी-भोरकडची बाई घ्या. जुलैत भाताची लावणी, मग बेणणी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी आणि झोडणी. नुसती भातशेती धरली तर तिचे दिवस तीन-साडेतीन महिन्यांचे भरतात, ती सीमांतिक ठरते. दारात दुभती म्हैस असली आणि वैरण-पाणी तीच बघत असली तर वर्षभर काम आहे, ती मुख्य ठरते. तीच बाई दुसऱ्याच्या शेतात रोजावर गेली तर शेतमजूर, घरच्या किंवा वाट्याने केलेल्या शेतात राबली तर शेतकरी. वाट्याने करणाऱ्याला आपण शेतकरी म्हणवून घ्यायची भीती वाटते, जमिनीवर हक्क सांगितला असं मालक समजेल म्हणून. तशी भीती नको. १९४८ च्या जनगणना कायद्याचं पंधरावं कलम सांगतं की जनगणनेत भरलेले तक्ते कुणाला बघायला मिळत नाहीत आणि कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाहीत.

सभेत हे शिकवायचं तर “तुम्ही काय करता” विचारू नका. आषाढात कुठे होता, दिवाळीत कुठे होता, उन्हाळ्यात काय केलं, असं हंगामावरून विचारा आणि बोटांवर महिने मोजायला लावा. घाई असलेल्या नवख्या वक्त्याला हा वेळेचा खेळखंडोबा वाटतो. वाटू दे.

“गरीब दाखवा, योजना मिळेल”

हा शॉर्टकट सभेत कुणी माईकवर सांगत नाही, सभा संपल्यावर पारावर सांगतात. नळ असून नाही म्हणायचं, संडास असून नाही म्हणायचं, गाडी लपवायची. घरकुलाची यादी या तक्त्यावरून बनत नाही, कारण एका घराचं उत्तर बाहेर जातच नाही. बाहेर जाते ती गावाची बेरीज. शंभर घरांनी नळ लपवला तर नळ नसलेलं गाव तयार होतं, आणि मग नळाला पाणी येत नाही ही खरी तक्रार कुठेच दिसत नाही. पाण्याच्या प्रश्नात अंतरही विचारतात. २०११ मध्ये खेड्यात पाचशे मीटरच्या आत ‘जवळ’ आणि पुढे ‘लांब’ धरलं होतं. म्हणून सभेतच ठरवून टाका, सार्वजनिक विहिरीपासून कोणती आळी कुठपर्यंत.

वयाचं थोडं. म्हाताऱ्यांना साठ, पासष्ट, सत्तर असं गोल सांगायची सवय असते, आणि शाळेच्या दाखल्यावर अनेकांचा जन्म एक जूनचा असतो कारण गुरुजींनी तसा लिहिला. आठवणीचा खुंटा द्या. पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ ला. आजी म्हणाली की तेव्हा मी दुसरीत होते, तर वय सातच्या आसपास, जन्म १९५४, म्हणजे फेब्रुवारी २०२७ मध्ये बाहत्तर किंवा त्र्याहत्तर. सत्तर नाही. कोयनेचा भूकंप डिसेंबर १९६७, मोठा दुष्काळ १९७२, हे दोन खुंटेही इकडे सगळ्यांना ठाऊक आहेत. वय पुरं झालेलं सांगायचं, चालू नाही.

नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या आजीला सभेत हसू नका. कायद्याच्या आठव्या कलमातच लिहिलं आहे की रूढीने जे नाव घेता येत नाही ते सांगायची बाईवर सक्ती नाही. शेजारी किंवा नातू सांगेल.

जात ‘हरिजन’ अशी सांगितली तर चालत नाही. जातीचं नेमकं नाव सांगायचं.

सहा वर्षांचं पोर पहिलीत जात असलं तरी साक्षर धरत नाहीत, त्यावरून वाद घालू नका.

दंडाची धमकी देऊन सभा संपवू नका. उत्तर टाळल्यास हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे खरी, पण धमकावलेला माणूस दार उघडतो आणि मग सगळ्यालाच ‘नाही’ म्हणतो.

सभा सकाळी अकराला ठेवू नका. त्या वेळी समोर बसतात ते पारावरचे सात-आठ पुरुष, आणि उत्तरं द्यायची असतात शेतात गेलेल्या बायकांनी. संध्याकाळी डेअरीवर दूध घालायच्या वेळी तिथेच पंधरा मिनिटं बोलणं जास्त उपयोगी. आणि तिथे हेही सांगा की जनगणनेचा माणूस ओळखपत्र घेऊन येतो. तो बँक खातं, कार्डाचा नंबर किंवा ओटीपी मागत नाही. मागितला तर दार लावून सरपंचाला फोन करायचा.