संक्रांतीच्या वाणाची संयुक्त घोषणा : श्रेय वाटून देताना या चुका टाळा

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाला वाण लुटले जाते आणि त्याच्या मागण्या डिसेंबरच्या अखेरीसच येऊ लागतात. समजा, घरी तिळगुळाच्या वड्या करणाऱ्या एक ताई आणि खणाच्या कापडाच्या पोटल्या शिवणाऱ्या दुसऱ्या ताई यांनी मिळून, १०० ग्रॅम वड्या भरलेली पोटली १४० रुपयांना विकायचे ठरवले. पैशांची वाटणी त्यांनी आधीच वहीत लिहून ठेवलेली असते. खटका उडतो तो घोषणेवरून, आणि तोही बहुधा एखाद्या शब्दावरून.

वड्या करणाऱ्या ताई सहज लिहून जातात : ‘आमच्या खुसखुशीत तिळगूळ वड्या आता अमुक यांच्या सहकार्याने आकर्षक पॅकिंगमध्ये!’ यात वाईट हेतू काहीच नाही; पण ‘आमच्या’ या शब्दाने वस्तू एकीची झाली, ‘सहकार्याने’ या शब्दाने दुसरी मदतनीस ठरली आणि ‘पॅकिंग’ म्हटल्याबरोबर तिने कापड बेतून, अस्तर लावून, नाडी ओवून केलेले काम खोक्याच्या आणि टेपच्या पंक्तीला जाऊन बसले. वास्तविक वड्या दोन दिवसांत संपतात आणि पोटली पुढे वर्षभर कपाटात राहते. ‘सौजन्य’ हा शब्दही येथे चालत नाही, कारण त्यातून ती वस्तू फुकट दिल्याचा भास होतो. त्याऐवजी कोणी काय केले ते सरळ लिहावे : ‘वाणाची पोटली. वड्या : अमुक. पोटलीचे शिवणकाम : तमुक. दोघींचे संयुक्त उत्पादन.’ पहिले नाव कोणाचे, हा प्रश्न उरलाच, तर एका चित्रात एकीचे आणि दुसऱ्यात दुसरीचे नाव आधी घ्यावे. माझ्या मते अक्षरांचा आकार सारखा असणे हे क्रमापेक्षा अधिक महत्त्वाचे आहे.

दुसरी चूक म्हणजे नावे फक्त चित्राखालच्या मजकुरात लिहिणे. व्हॉट्सॲपवर फोटो पुढे पाठवताना खालचा मजकूर सहज गळून पडतो आणि सोसायटीच्या गटात नुसते चित्र फिरत राहते. त्यावर एकीचाच फोन नंबर असेल, तर सगळी चौकशी तिच्याकडेच जाते. म्हणून दोन्ही नावे आणि दोन्ही नंबर चित्रातच असावेत. ‘वाणाच्या मागणीसाठी’ एक नंबर आणि ‘नुसत्या पोटल्यांसाठी’ दुसरा, असे स्पष्ट लिहिले की नंतरची मागणीही योग्य घरी पोहोचते.

इन्स्टाग्रामवर नुसते टॅग करणे म्हणजे श्रेय देणे, असा एक समज आहे. टॅग केलेली पोस्ट दुसरीच्या मुख्य पानावरील पोस्टींमध्ये येत नाही. सहलेखक म्हणून आमंत्रण पाठवले आणि तिने ते स्वीकारले, तरच दोघींची नावे वर दिसतात आणि तीच पोस्ट दोन्ही पानांवर येते. आमंत्रण स्वीकारायचे राहून गेले, तर पहिला दिवस एकीच्याच नावावर जातो. त्यामुळे घोषणेची वेळ दोघींनी फोनवर ठरवावी आणि त्या वेळी दोघींच्याही हातात मोबाइल असावा.

लेबलाचा मुद्दा मात्र वेगळा आहे. बंद पाकिटातील खाद्यपदार्थावर बनवणाऱ्याचे नाव, पत्ता आणि एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक छापणे बंधनकारक असल्यामुळे तेथे वड्या करणाऱ्या ताईंचेच नाव येते. हे आधी बोलून घेतले नाही, तर शिवणाऱ्या ताईंना आपले नाव मुद्दाम गाळल्यासारखे वाटते. वड्या आतल्या पाकिटात बंद करून त्यावर हे लेबल लावावे आणि पोटलीच्या नाडीला शिवणाऱ्या ताईंच्या नावाची छोटी चिठ्ठी बांधावी. ‘निर्मिती’ म्हणून दोघींची नावे खाद्यपदार्थाच्या लेबलावर एकत्र छापू नयेत, कारण वड्यांची जबाबदारी एकीचीच आहे.

पाठवण्यापूर्वी मसुदा व्यवहार ठाऊक नसलेल्या शेजारणीला दाखवावा आणि ‘यात कोणी काय केले आहे?’ एवढेच विचारावे. तिने एकच नाव सांगितले, तर मसुदा बदलावा.

घोषणा चुकीची गेलीच, तर व्हॉट्सॲपवरील संदेश १५ मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो, पण तोवर पुढे गेलेल्या प्रती तशाच राहतात. इन्स्टाग्रामवर मजकूर बदलता येतो. आधी टाकलेल्या चित्राच्या जागी दुसरे चित्र ठेवता येत नाही. अशा वेळी चित्रच चुकले असेल, तर ती पोस्ट काढून नवी टाकावी, आणि ज्या ताईंनी चूक केली त्यांनीच सुधारित चित्र पहिल्याच गटांत स्वतः पाठवून ‘आधीच्या चित्रात पोटली शिवणाऱ्या ताईंचे नाव राहिले होते’ असे एका ओळीत लिहावे.