शून्य-बेरजेची घासाघीस सोडून दोघांच्या फायद्याचा सौदा कसा करावा

वाटाघाटीला बसणाऱ्याला दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणजे, समोरच्याला आपल्या मनातलं काहीही कळू देऊ नका. दुसरा, मोकळेपणाने सगळं सांगा, म्हणजे दोघांचंही भलं होईल. पहिला सल्ला ऐकणारा माणूस मिळण्यासारखा फायदा टेबलावरच सोडून उठतो आणि दुसरा ऐकणारा नागवला जातो. काय सांगायचं आणि काय झाकायचं हे स्वभावावर ठरत नाही. आपण कोणत्या प्रकारच्या खेळात बसलो आहोत, त्यावर ते ठरतं.

पहिली पायरी: मुद्दे मोजा

शून्य-बेरजेच्या खेळात एकाला जेवढं मिळतं तेवढंच दुसऱ्याचं जातं. दोघांचा नफा-तोटा एकत्र मांडला की बेरीज शून्य. बुद्धिबळ असं आहे. दोन पक्षांमधला वायद्याचा करारही, दलाली बाजूला ठेवली तर, असाच असतो. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ मध्ये सिद्ध केलं की, दोन खेळाडूंच्या आणि मर्यादित चालींच्या अशा खेळात प्रत्येकाकडे एक अशी रणनीती असते, की समोरचा काहीही खेळला तरी सरासरीने एक ठरावीक निकाल पदरात पडतोच. समोरचाही नीट खेळला तर त्याहून जास्त मिळत नाही. एकमेकांशी बोलून दोघांनी मिळून वाढवावं असं तिथे काही नसतंच. म्हणून तिथे गुप्तता योग्य.

सौद्यात मात्र एक फरक आहे. विकणाऱ्याला ९० एककांच्या खाली परवडत नसेल आणि घेणारा १२० पर्यंत द्यायला तयार असेल, तर सौदा होणं हेच दोघांच्या फायद्याचं. शून्य-बेरजेची असते ती ९० आणि १२० च्या मधली घासाघीस. टेबलावर दराखेरीज दुसरा कोणताही मुद्दा नसेल, तर खालच्या बऱ्याच पायऱ्या तुमच्या कामाच्या नाहीत. आपली मर्यादा झाका आणि भाव करा. पण तसं ठरवण्याआधी खरोखरच एकच मुद्दा आहे का, हे तपासा. मुदत, पैसे देण्याची पद्धत, हमी, प्रमाण, जोखीम कोणी उचलायची, यांपैकी दोन जरी बोलण्यात आले तरी खेळ बदलतो.

दुसरी पायरी: सौदा फिसकटला तर काय, ते लिहून ठेवा

करार नाही झाला तर तुमच्याकडे सर्वांत चांगला पर्याय कोणता, तो आकड्यात मांडा. ही तुमची तळरेषा. ती कोणालाही सांगायची नाही.

तिसरी पायरी: सगळे मुद्दे एकाच मापात आणा

उदाहरण म्हणून एक कारखाना यंत्र विकत घेतोय आणि दुसरा ते बनवून देतोय असं धरू. दर १०० ते १२० एककांच्या दरम्यान ठरेल, यंत्र ४ ते १२ आठवड्यांत मिळेल आणि आगाऊ रक्कम २० ते ६० टक्के असेल. एकक कोणत्याही चलनाचं समजा.

घेणाऱ्याची उत्पादनाची एक ओळ बंद पडलेली आहे. त्यामुळे यंत्र एक आठवडा लवकर मिळणं त्याला २ एककांच्या मोलाचं आहे. पैसे मात्र हाताशी आहेत, म्हणून १० टक्के जास्त आगाऊ दिल्याने त्याचं फक्त अर्धं एकक जातं. बनवणाऱ्याचं नेमकं उलट आहे. एक आठवडा लवकर द्यायला त्याला जादा पाळीपोटी अर्धं एकक खर्च येतो. कच्च्या मालासाठी तो महाग व्याजाने पैसे उचलतो, म्हणून १० टक्के जास्त आगाऊ मिळाले की त्याचं दीड एकक वाचतं.

कोणता मुद्दा कोणाला किती मोलाचा, याचा तक्ता बनवा. त्यातला आपला अर्धा भाग बनवायला अर्धा तास पुरतो. दुसरा अर्धा समोरच्याच्या डोक्यात असतो.

चौथी पायरी: समोरच्याचा तक्ता काढून घेणे

सगळी मेहनत इथे आहे आणि मलाही हीच पायरी सर्वांत उशिरा जमली. बहुतेक सौदे इथे बिघडतात, आणि ते चांगल्या वाटणाऱ्या सवयीने बिघडतात. ती सवय म्हणजे एकेक मुद्दा घेऊन मधोमध भेटणं.

वरच्या उदाहरणात मधोमध म्हणजे दर ११०, मुदत ८ आठवडे आणि आगाऊ ४० टक्के. दोघेही थोडं सोडतात, हात मिळवतात आणि याला दोघांच्या फायद्याचा करार म्हणतात. आता हे पाहा. मुदत ४ आठवड्यांवर आणली तर घेणाऱ्याला ८ एकक मिळतात आणि बनवणाऱ्याचे फक्त २ जातात. आगाऊ ६० टक्के केले तर बनवणाऱ्याला ३ मिळतात आणि घेणाऱ्याचं १ जातं. म्हणजे दर ११० च राहिला तरी घेणारा ७ ने आणि बनवणारा १ ने वर जातो. मधोमध भेटणाऱ्या दोघांनी मिळून ८ एकक वाया घालवले आणि ते त्यांना कधी कळणारही नाही. म्हणून मी ठामपणे सांगते: मुद्दे एकेक करून मिटवू नका. ‘दराचं आधी नक्की करू, बाकीचं नंतर बघू’ असं कोणी म्हटलं तर नम्रपणे नकार द्या. सगळं एकत्र ठरेपर्यंत काहीच ठरलेलं नाही, हे सुरुवातीलाच बोलून घ्या.

फायदा येतो तो फरकातून. दोघांना एकच गोष्ट सारखीच प्रिय असेल तर देवाणघेवाण करण्याजोगं काही उरत नाही. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डो यांनी १८१७ मध्ये दोन देशांच्या व्यापाराबद्दल हेच दाखवलं होतं. एक देश दोन्ही वस्तू कमी श्रमात बनवत असला तरी, दोन्ही देशांतलं त्या वस्तूंच्या खर्चाचं प्रमाण वेगळं असेल, तर दोघांनाही व्यापार परवडतो.

आता हा फरक शोधायचा कसा? ‘तुम्हाला सर्वांत महत्त्वाचं काय?’ असं थेट विचारलं की ‘सगळंच’ असं उत्तर येतं. त्यापेक्षा आपल्यासाठी सारख्याच किमतीचे तीन प्रस्ताव एकदम पुढे ठेवा. घेणाऱ्याच्या बाजूने ते असे:

अ – दर १०५, मुदत ८ आठवडे, आगाऊ ४० टक्के.
ब – दर ११२, मुदत ४ आठवडे, आगाऊ ६० टक्के.
क – दर ११३, मुदत ४ आठवडे, आगाऊ ४० टक्के.

मधोमधच्या कराराशी ताडून पाहिलं तर घेणाऱ्याला तिन्हींत ५ एकक जास्त मिळतात. त्यामुळे त्याला तिन्ही सारखेच. बनवणाऱ्याला मात्र अ मध्ये ५ चा तोटा, ब मध्ये ३ चा फायदा आणि क मध्ये १ चा फायदा आहे. ‘यातला कोणता जवळचा वाटतो आणि कोणता अगदीच नको?’ एवढंच विचारा. त्याने अ पेक्षा क बरा म्हटला, की चार आठवडे लवकर देणं त्याला ८ एककांपेक्षा स्वस्त पडतं हे कळतं. क पेक्षा ब बरा म्हटला, की २० टक्के जादा आगाऊ रक्कम त्याच्या लेखी एका एककाहून मोलाची आहे हे कळतं. त्याने आपला हिशेब उघड केलेला नसतो, तुम्हीही तळरेषा सांगितलेली नसते.

इथे ताकाला जाऊन भांडं लपवू नका. मुदत तुमच्यासाठी महत्त्वाची आहे हे सांगा, कारण ते सांगितल्याशिवाय समोरचा ती देणार कशी? मुद्द्यांचा क्रम सांगायचा, तळरेषा झाकायची. आणि मुदत नेमकी किती मोलाची आहे तो आकडाही स्वतःजवळच ठेवायचा.

नको असलेल्या गोष्टीसाठी हट्ट धरून पुढे ती ‘सोडल्याचं’ नाटक करण्याचा सल्ला फार लोक देतात. तो मानू नका. समोरच्याने खरंच ती गोष्ट दिली आणि तुम्हाला हवी ती रोखून धरली, तर तुम्ही स्वतःच रचलेल्या तक्त्यात अडकता. समोरचा असं नाटक करतोय का, ते ओळखायला प्रस्ताव जरा बदलून पुन्हा ठेवा. खरा क्रम दोन्ही वेळा जुळतो, रचलेला सहसा जुळत नाही.

टेबलावर एकच मुद्दा दिसत असेल तर ‘किती हवं’ विचारण्याऐवजी ‘कशासाठी हवं’ असं विचारा. इजिप्त आणि इस्रायल यांच्यातल्या १९७८ च्या कॅम्प डेव्हिड वाटाघाटींत, इस्रायलने युद्धात ताब्यात घेतलेल्या इजिप्तच्या सिनाई द्वीपकल्पाचा प्रश्न नकाशावर शुद्ध शून्य-बेरजेचा होता. सीमारेषा कुठेही ओढली तरी एकाची जमीन वाढणार आणि दुसऱ्याची घटणार. पण इजिप्तला हवं होतं सार्वभौमत्व आणि इस्रायलला हवी होती सीमेवरची सुरक्षितता. सिनाई इजिप्तला परत मिळालं आणि तिथल्या सैन्यावर कडक मर्यादा आल्या. एका जमिनीचे दोन मुद्दे झाले, म्हणून तोडगा निघाला.

पाचवी पायरी: वाढलेलं वाटून घ्या

हे कोणी सांगत नाही, पण दोघांच्या फायद्याच्या करारातही शून्य-बेरजेचा भाग शिल्लक राहतोच. मुदत ४ आठवडे आणि आगाऊ ६० टक्के ठरल्यावर दर १०९ झाला, तर वाढीव ८ च्या ८ एकक घेणाऱ्याचे. ११७ झाला तर सगळे बनवणाऱ्याचे. ११३ झाला तर दोघांना चार-चार. या टप्प्यावर पुन्हा घासाघीस आहे आणि ती लाजण्यासारखी गोष्ट नाही. जोर कोणाचा चालेल हे दुसऱ्या पायरीतल्या पर्यायावर ठरतं. समोरचा ‘दोघांचाही फायदा होतोय ना’ असं म्हणत तुम्हाला ११७ कडे ढकलत असेल, तर त्याच्या शब्दांकडे लक्ष देऊ नका, आपल्या तक्त्याकडे बघा. फायदा मोजायचा तो स्वतःच्या पर्यायाशी ताडून. समोरच्याने सुरुवातीला केलेल्या अवाजवी मागणीशी ताडून मोजू नका, नाहीतर प्रत्येक करार विजयच वाटेल.

आणखी एक तपासणी इथेच करा. वाढलेले ८ एकक आले कुठून? आपल्या उदाहरणात ते बंद ओळ लवकर सुरू झाल्याने आणि व्याज वाचल्याने आले. पण दोन विक्रेत्यांनी संगनमताने दर चढवले, तरी त्या दोघांच्या तक्त्यात वाढच दिसते, ती तिसऱ्या माणसाच्या खिशातून आलेली असते. त्याला मी दोघांच्या फायद्याचा सौदा म्हणत नाही. कायदाही बहुतेक ठिकाणी म्हणत नाही.

सहावी पायरी: सही झाल्यावर एकदा पुन्हा बसा

करार हातात आल्यावर भीती कमी होते आणि माणसं मोकळी बोलतात. तेव्हा विचारा, ‘हा करार पक्का आहे. पण दोघांनाही यापेक्षा बरं होईल असं काही बदलता येईल का?’ आधी न बोललेली हमी किंवा देखभाल अशा वेळी पुढे येते. दोघांचीही संमती मिळाली तरच बदल करायचा, नाहीतर सही केलेला करार जसाच्या तसा चालू ठेवायचा.