मोठ्या अक्षरांचा मेसेज आला की लगेच उत्तर देताना या चुका टाळा

समजा, संध्याकाळी पावणेपाचला सहकाऱ्याचा मेसेज येतो:

`REPORT PATHAVLA KA???`

पहिली चूक इथेच होते. अक्षरं मोठी म्हणजे माणूस चिडलाय, असं धरून आपण लिहायला लागतो. त्याआधी वर जाऊन त्याचे जुने आठ-दहा मेसेज पाहा. तेही सगळे मोठ्या अक्षरांत असतील तर ती त्याची टाइप करायची सवय आहे. दिवसभर मोठ्या अक्षरांतच नोंदी भरणाऱ्यांचं Caps Lock बऱ्याचदा चालूच राहतं. `rEPORT` असं उलटं दिसलं तर शंकाच नको: विंडोजवर Caps Lock चालू असताना Shift दाबलं की अक्षर लहान उमटतं. एरवी लहान अक्षरांत लिहिणारा आज अचानक मोठ्यांत लिहितोय, तेव्हा मात्र लक्ष द्यायला हवं. आणि वाक्यातला एकच शब्द मोठा असेल, जसं `aaj NAHI, udya`, तर तो फक्त जोर आहे, राग नव्हे.

दुसरी चूक म्हणजे प्रश्नचिन्हं मोजत बसणं. किती आहेत यापेक्षा ती कधी आली, हे जास्त सांगतं. तुमच्या मेसेजनंतर लगेच नुसतं `???` आलं, तर बहुतेक वेळा तुमचं म्हणणं कळलेलं नसतं. तेच सोप्या शब्दांत पुन्हा लिहा. स्वतःच्याच प्रश्नाखाली काही तासांनी आलं, तर ती आठवण आहे. वरच्या उदाहरणात, समजा, मागचे मेसेज पाहिले तर सकाळी अकराला `report kadhi milel?` असा प्रश्न आलेला दिसतो, आणि त्याला उत्तरच गेलेलं नाही. म्हणजे तिन्ही चिन्हं त्या पावणेसहा तासांची आहेत.

तरी खात्री वाटत नसेल, तर तोच मेसेज लहान अक्षरांत आणि एकाच प्रश्नचिन्हासह मनात वाचा: ‘रिपोर्ट पाठवला का?’ साधी विचारणा उरली. पण ‘किती वेळा सांगायचं’, ‘अजूनही’, ‘परत तेच’ असे शब्द उरले, तर राग शब्दांतच आहे आणि तो खराच धरावा. एक-दोन शब्दांच्या मेसेजला मात्र ही कसोटी पुरत नाही. तिथे सरळ फोन करावा.

उत्तरात ‘ओरडताय कशाला?’ किंवा ‘रागावलात का?’ नको. राग नसला तर तो तुम्हीच ओढवून घेता, आणि मूळ प्रश्न तसाच लटकत राहतो. आधी विचारलेल्याचं उत्तर, मग कारण, शेवटी वेळ:

‘नाही, अजून पाठवला नाही. दोन आकडे यायचे आहेत. सहापर्यंत पाठवतो. सकाळचा मेसेज पाहायचा राहिला, सॉरी.’

माफी एका ओळीतच ठेवा. लांबली की वेळेचं वाक्य त्यात बुडतं, आणि सव्वापाचला पुन्हा `???` येतं.