दर आठवा फ्लॅट घेताय? सिस्टिमॅटिक सॅम्पलिंगमधल्या या चुका टाळा

समजा, एका सोसायटीत दहा विंग आहेत. प्रत्येक विंगला दहा मजले, मजल्यावर चार फ्लॅट, म्हणजे एकूण 400. पाण्याच्या वापराचा सर्व्हे करायचाय आणि 50 घरं पुरेशी आहेत. 400 भागिले 50 म्हणजे 8. एक ते आठमधून चिठ्ठी काढली, 3 आला. आता यादीतला तिसरा, अकरावा, एकोणिसावा असे फ्लॅट घेत जायचं. ठरावीक अंतराने घरं निवडायची ही पद्धत म्हणजेच सिस्टिमॅटिक सॅम्पलिंग. वरवर पाहता सगळं नियमात आहे.

निवडलेले नंबर मात्र लिहून बघा: A-103, A-303, A-503, A-703, A-903, मग B-103. प्रत्येक घर मजल्यावरचं तिसरंच, आणि सम मजले तर गायबच! यादी दर चार घरांनी स्वतःला गिरवते, विंग दर चाळीस घरांनी बदलते आणि आठ या दोन्हींच्या तालात बसतो.

आता धरा, कडेचे 01 आणि 04 हे टू बीएचके, मधले दोन वन बीएचके. टू बीएचकेचा वापर रोज सरासरी 600 लिटर, वन बीएचकेचा 400. सोसायटीची खरी सरासरी 500. आपला सर्व्हे मात्र 400 च्या आसपासच सांगणार. चिठ्ठीत 1, 4, 5 किंवा 8 आला असता तर 600 सांगितलं असतं. 500 च्या जवळपासचं उत्तर कुठल्याच चिठ्ठीत नाही.

खरी गोम पुढेच आहे. सगळी घरं एकाच प्रकारची असल्याने आकडे एकमेकांच्या जवळ येतात. आकडे सरासरीभोवती किती पसरलेत हे सांगणारं प्रमाण विचलन 60 निघालं, तर सरासरी साधारण कितीने चुकू शकते हे सांगणारी प्रमाण त्रुटी नेहमीच्या सूत्राने 60 भागिले √50, म्हणजे साधारण साडेआठ लिटर. रिपोर्ट झकास दिसतो आणि चूक असते शंभर लिटरची. त्रुटी लहान आली म्हणून निर्धास्त होऊ नका. नमुन्यात काय आलंच नाही, हे ते सूत्र सांगू शकत नाही.

तपासायला शाळेतला मसावि पुरतो. निवडीचं अंतर 8 आणि यादीचं आवर्तन 4 यांचा मसावि 4, म्हणून चारपैकी एकच जागा हाती लागते. अंतर 6 घेतलं तर मसावि 2, दोन जागा कायमच्या सुटतात. 7 घेतलं तर 4 शी आणि 40 शीही मसावि 1. सगळ्या जागा फिरून येतात, घरं 57 किंवा 58 होतात, एवढंच. दुकानाच्या रोजच्या विक्रीत हेच होतं: दर सातवा किंवा चौदावा दिवस घेतला की वार एकच, मग आठवडी बाजाराचा दिवस एकतर प्रत्येक वेळी येतो, नाहीतर कधीच नाही.

अंतर बदलणं नको असेल तर यादी आधी बीएचकेनुसार लावा. पहिले 200 वन बीएचके, पुढचे 200 टू बीएचके. मग दर आठवा घेतला तरी दोन्हींतून 25-25 घरं येतातच. प्रत्येक गटात मात्र नंबर आधी पिसून घ्या, नाहीतर मजल्यांचा ताल तिथेही लपून राहू शकतो.

आणि 103 ला कुलूप असलं तर सर्व्हेवाला सहज 104 ची बेल वाजवतो. तेवढ्यात वन बीएचकेच्या जागी टू बीएचके आला. संध्याकाळी परत 103 लाच जायला सांगा.