सीआरओच्या फोटोवरून एएम तरंग मोजताना या चुका टाळा

प्रॅक्टिकलच्या शेवटी सीआरओच्या स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढायचा आणि आकडेमोड घरी बसून करायची, ही आता सर्रास पद्धत आहे. त्यात गैर काही नाही. मात्र फोटोत नेमकं काय मोजता येतं आणि काय येत नाही, हे फोटो काढण्याआधी माहीत हवं.

एक फोटो घेऊ. व्होल्टचं बटण ०.५ व्होल्ट प्रति डिव्हिजनवर आहे, टाइमबेस ०.१ मिलिसेकंद प्रति डिव्हिजनवर. तरंग जिथे सर्वांत फुगलाय तिथे वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत ६ चौकोन भरतात आणि जिथे कंबर बारीक झालीय तिथे २. यावरून मॉड्युलेशन इंडेक्स m काढू:

m = (Vmax − Vmin) / (Vmax + Vmin) = (६ − २) / (६ + २) = ०.५

हे गुणोत्तर असल्यामुळे व्होल्टमध्ये रूपांतर करायची गरजच नाही. प्रोब दहापटीवर राहिला असेल किंवा व्होल्टचं व्हेरिएबल बटण फिरलेलं असेल, तरी m बदलत नाही. चूक होते ती वेगळीकडे. फुगवटा टोकापासून टोकापर्यंत मोजायचा आणि कंबर मात्र मधल्या रेषेपासून, असं केलं की २ च्या जागी १ येतो आणि m थेट ०.७१ होतो. दोन्ही मापं एकाच रीतीने घ्या. फोटो तिरका आला असेल तर फूटपट्टी लावू नका. त्या त्या जागचे चौकोनच मोजा, कारण तरंगाबरोबर तेही तेवढेच तिरपे झालेले असतात.

दुसरी गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही: रेषेची जाडी. ब्राइटनेस वाढवलेल्या स्क्रीनच्या फोटोत रेषा सहज ०.२ चौकोन जाड दिसते. मग ६ चे ६.२ होतात आणि २ चे २.२. वजाबाकीत ही जाडी कटून जाते, बेरजेत मात्र दुप्पट होऊन बसते. m येतो ०.४८. म्हणून इनपुट ग्राउंडवर टाकून नुसत्या आडव्या रेषेचाही एक फोटो घ्या आणि तिची जाडी दोन्ही मापांतून वजा करा.

खरी फसगत होते ती ओव्हरमॉड्युलेशनमध्ये, म्हणजे m १ पेक्षा जास्त असताना. समजा मोठा फुगवटा ५ चौकोनांचा आहे आणि दोन मोठ्या फुगवट्यांच्या मधोमध १ चौकोनाचा छोटा फुगवटा आहे. सूत्रात सरळ ५ आणि १ घातले तर ०.६७ येतं आणि सगळं आलबेल वाटतं. कंबर शून्याला टेकलीय म्हणून Vmin शून्य धरला, तर १ येतं. दोन्ही उत्तरं चूक. त्या छोट्या फुगवट्यात कॅरिअरची फेज उलटलेली असते, म्हणून गुणाकार करणाऱ्या मॉड्युलेटरसाठी Vmin उणे १ धरायचा: (५ + १) / (५ − १) = १.५. ओळखण्याची खूण सोपी आहे. कंबर एका बिंदूत मिटते आणि लागलीच पुन्हा उघडते. अशा फोटोत एका आवर्तनात कंबर दोनदा येते, म्हणून काळ मोठ्या फुगवट्यापासून पुढच्या मोठ्या फुगवट्यापर्यंतच मोजा.

काळाच्या मापात मात्र बटणांना महत्त्व आहे. टाइमबेसचं व्हेरिएबल बटण ‘कॅल’ला नसेल, तर फोटोवरून काढलेल्या फ्रिक्वेन्सीला अर्थ नाही. आपल्या पहिल्या फोटोत फुगवट्यापासून फुगवट्यापर्यंत ५ चौकोन, म्हणजे ०.५ मिलिसेकंद आहेत. मॉड्युलेटिंग सिग्नल २ किलोहर्ट्झचा. कॅरिअर मात्र याच फोटोतून काढायला जाऊ नका. १०० किलोहर्ट्झचा कॅरिअर असेल तर त्या ५ चौकोनांत ५० आवर्तनं कोंबलेली असतात, आणि फोटोत दिसतो तो नुसता भरीव पट्टा. डिजिटल स्कोपवर तर मंद टाइमबेसला सॅम्पलिंग कमी पडून भलताच कॅरिअर दिसू शकतो, आणि तो छान मोजताही येतो!

त्यासाठी दुसरा फोटो लागतो. टाइमबेस ५ मायक्रोसेकंदवर घ्या, ट्रिगर एएम सिग्नलवरच आणि त्याची लेव्हल शून्यावर ठेवा. आता शिखरं वर-खाली पुसट दिसतील, पण शून्यरेषा छेदण्याच्या जागा स्पष्ट राहतील. १० चौकोनांत ५ आवर्तनं दिसली, म्हणजे एकाला १० मायक्रोसेकंद: १०० किलोहर्ट्झ. पहिल्या फोटोसाठी मात्र ट्रिगर बाहेरून, मॉड्युलेटिंग सिग्नलवरून द्या; नाहीतर एन्व्हलप, म्हणजे फुगवटे आणि कंबर यांची बाहेरची रूपरेषा, सरकत राहतं आणि फोटोत कंबर भरून येते.

पुढचं सोपं आहे. साइडबँड १०२ आणि ९८ किलोहर्ट्झला, बँडविड्थ ४ किलोहर्ट्झ. बँडविड्थ १०२ लिहिणारेही भेटतात. ती मात्र दोन साइडबँडमधलं अंतर असते, कॅरिअर कितीही असो. टोकापासून टोकापर्यंतची मापं ३ आणि १ व्होल्ट, म्हणून कॅरिअरचा ॲम्प्लिट्यूड (३ + १) / ४ = १ व्होल्ट आणि प्रत्येक साइडबँडचा त्याच्या m/२ पट, म्हणजे ०.२५ व्होल्ट.

फक्त एन्व्हलपचा आकार एकदा नीट पाहा. तो साइन नसून चौकोनी असेल, तर २ किलोहर्ट्झबरोबर ६, १० असे विषम हार्मोनिक्सही असतात. तिसऱ्यापर्यंत धरलं तरी बँडविड्थ १२ किलोहर्ट्झ होते.